मे महिना, दोन मुलं, एक आजी आणि दिवसभर चालू असलेलं तोंड: नाशिकच्या एका घराचं प्रकरण

मी लहान मुलांच्या आहाराचं काम करते आणि शाळांना सुट्टी लागली की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन वाढतात, "दिवसभर भूक भूक करतात आणि ताटावर बसले की काहीच खात नाहीत." त्यातलंच हे एक घर. घर कोणाचं ते कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, बाकी सगळं झालं तसंच लिहितेय.

घर नाशिकमधलं, फ्लॅट. आई बँकेत, बाबा एमआयडीसीत शिफ्टला. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. दोघं दिवसभर आजीजवळ, आणि आजींचे गुडघे दुखतात त्यामुळे ओट्याशी सलग अर्धा तासाच्या वर उभं राहणं त्यांना जमत नाही. आई माझ्याकडे आली तेव्हा तिने मोबाईलवर एक तक्ता आणला होता, तीस दिवसांचे तीस नाश्ते आणि तीस संध्याकाळचे खाऊ, रोज नवीन पदार्थ. म्हणाली, "मॅडम, चार दिवस केलं, पाचव्या दिवशी आईंनी हात टेकले, आणि मुलांनी त्यातलं निम्मं तसंच टाकलं. आता काय करू, अजून सोप्या रेसिपी द्या ना."

मी रेसिपी दिल्या नाहीत. आधी तीन दिवस काहीही बदलू नका आणि तोंडात जे जाईल ते सगळं वेळेसकट लिहा असं सांगितलं. पाणी, सरबत, चिमूटभर चिवडा, सगळं. लिहायचं काम मुलाला दिलं, त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आणि खरं सांगते, मोठ्या माणसांपेक्षा मुलं हे काम जास्त प्रामाणिकपणे करतात.

त्यातला धाकटीचा एक दिवस असा होता. साडेसातला मोठा ग्लास दूध, त्यात चॉकलेटची पावडर आणि वर साखर, सोबत दोन बिस्किटं. सव्वानऊला अर्धी वाटी पोहे. दहाला वेफर्सचं छोटं पाकीट. अकराला सरबत. बाराला डब्यातून मूठभर चिवडा. दीडला जेवायला बसली, वरणभाताचे चार घास आणि उठली. अडीचला क्रीमची दोन बिस्किटं, साडेतीनला पुन्हा सरबत, पाचला दूध, सहाला नूडल्स, साडेसातला फरसाण. नऊला जेवण, "भूक नाही". मग उपाशी कशी झोपणार म्हणून दहाला पुन्हा मोठा ग्लास दूध, आणि रात्री उशिरा एवढं दूध पोटात गेल्यामुळे सकाळी उठल्यावर भूक नाही, म्हणून पोहे परत अर्धेच. हे असं फिरत राहतं.

आता यात पदार्थ कमी आहेत का, तर अजिबात नाहीत, मोजले तर दहा-अकरा वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कमी काय आहे तर दोन खाण्यांमधलं अंतर. बहुतेक वेळा तासा-दीड तासाने काहीतरी पोटात जातंय, त्यामुळे पुरती भूक लागतच नाही, नुसती भूकमोड होत राहते, आणि अर्धवट भूक असलेलं मूल नेहमी कुरकुरीत, गोड, खारट तेच मागणार, भाजीपोळी मागायला खरी भूक लागते. शाळा चालू असते तेव्हा हे आपोआप सांभाळलं जातं कारण तिथे घंटा असते. छोटी सुट्टी, मोठी सुट्टी, मधे कितीही वाटलं तरी डबा उघडता येत नाही. सुट्टीत घंटा गेली आणि डबे हाताशी आले, बाकी काही बदललेलं नाही. म्हणून माझं म्हणणं असतं की सुट्टीत आधी वेळा बसवाव्यात आणि वैविध्याचा विचार त्यानंतर करावा, उलटं केलं की तीस दिवसांचा तक्ता पाचव्या दिवशी बंद पडतो.

साखरेचा हिशोबही आईसमोर बसून केला कारण नुसतं "गोड कमी करा" म्हटलं की कोणाला काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसभराच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. सहा वर्षांच्या मुलीला दिवसाला ढोबळमानाने १४०० कॅलरी धरल्या तर १० टक्के म्हणजे १४० कॅलरी, म्हणजे ३५ ग्रॅम साखर. सपाट छोटा चमचा साधारण ४ ग्रॅमचा. या घरात सरबताच्या एका ग्लासात चार चमचे साखर पडत होती, दोन ग्लास म्हणजे ३२ ग्रॅम, म्हणजे जवळपास सगळा कोटा नुसत्या सरबतात संपला आणि दुधातली पावडर, बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत. आईला धक्का बसला कारण सरबत घरचं होतं, आणि घरचं म्हणजे चांगलं असं आपण धरूनच चालतो.

मग वेळा ठरवल्या. आठला नाश्ता, साडेदहाला छोटी सुट्टी, एकला जेवण, साडेचारला मोठी सुट्टी, आठला रात्रीचं जेवण. नावं मुद्दाम शाळेचीच ठेवली, धाकटीला ते लगेच कळलं. मधल्या वेळात फक्त पाणी, पण पाणी कितीही आणि माठ तिच्या हाताला येईल अशा स्टुलावर, कारण मे महिन्यात निम्म्या वेळा ती जी भूक म्हणते ती तहान असते. नियम सांगताना घरातल्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं ते मुलांनी. म्हणजे एकला तिने चार घास खाऊन ताट सारलं तर "अजून दोन घास माझ्यासाठी" नाही, ओरडणं नाही, पण अडीचला बिस्किटही नाही, पुढचं साडेचारला.

हे ऐकून आजी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोर समोर भूक लागली म्हणून रडेल आणि मी डबा असून देऊ नको?" त्यांचं चूक नव्हतं, ज्या पिढीने नातवंडाला खाऊ देणं म्हणजेच माया असं मानलं तिला तुम्ही एकदम हात आखडा म्हणताय. त्यांना म्हटलं, आजी, खाऊ तुम्हीच द्यायचा, बंद काहीच करायचं नाही, फक्त तो साडेचारला तुमच्या हातून द्यायचा. आणि चिवडा, फरसाण, बिस्किटं यांचे डबे ओट्यावरून माळ्यावर गेले, कारण समोर दिसणारा डबा आणि सहा वर्षांचं मूल यात रोज भांडण लावून काही मिळत नाही. चिवडा घरातून गेला नाही, तो साडेचारच्या खाण्यात वाटीभर कधीतरी यायचाच.

पहिले तीन दिवस वाईट गेले. धाकटी रडली, एकदा जमिनीवर लोळली, आजींनी आईला बँकेत फोन केला. मुलाला मात्र वेगळीच अडचण आली, साडेअकरालाच त्याचा जीव कासावीस व्हायचा. आणि इथे मला घरातल्यांना थांबवून सांगावं लागलं की दोन मुलांना एकच माप लावू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० कॅलरी धरल्यात आणि १० ते १२ वर्षांच्या मुलग्याला सुमारे २२२०. तो वाढीच्या वयात येतोय, संध्याकाळी दोन तास क्रिकेट खेळतो, त्याची भूक खरी आहे. खरी आणि खोटी भूक ओळखायची साधी रीत म्हणजे विचारायचं, "पोळीभाजी देऊ का?" हो म्हणाला तर भूक आहे, "नको, दुसरं काहीतरी" म्हणाला तर तोंड चाळवलंय. तो हो म्हणत होता. म्हणून त्याची छोटी सुट्टी मोठी केली, फळासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं, आणि साडेचारचं खाणं त्याच्यासाठी जवळजवळ छोटं जेवणच. धाकटीला साडेदहाला नुसतं फळ पुरत होतं.

आता पदार्थांकडे. माझं ठाम मत आहे की पाचही खाण्यांत वैविध्य आणायला जाऊ नये, कोणत्याच घराला ते झेपत नाही आणि मुलांना ते लागतही नाही. जेवण साधं, रोजचं, वरण-भात-पोळी किंवा भाकरी-भाजी-कोशिंबीर, त्यात बदल फक्त भाजीचा, मे महिन्यात बाजारात जे येतं ते, दुधी, दोडका, गवार, भेंडी, तोंडली, लाल भोपळा. छोट्या सुट्टीला मोसमाचं फळ, कलिंगड, खरबूज, केळं, आंब्याच्या फोडी, पुढे जांभळं-करवंदं. नाश्ता तीन-चार गोष्टींत फिरता. आणि सगळी हौस, सगळी मजा साडेचारच्या खाण्यात. मुलं ज्याची वाट बघतात ते हेच खाणं असतं आणि कंटाळाही याच वेळेला येतो.

तेही रोज नव्याने करायचं नाही. आठवड्यातून दोनदा मुख्य तयारी, एकदा पीठ आणि एकदा मोड, आणि त्याचीच रूपं बदलत न्यायची. या घरात ते असं बसवलं. रविवारी सकाळी तीन वाट्या इडलीचे तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धा चमचा मेथ्या भिजत टाकायच्या, रात्री बाबांनी मिक्सरवर वाटायचं, हे काम आजींकडून काढूनच घेतलं. नाशिकला मे महिन्यात रात्रभरात पीठ मस्त फुगतं, सकाळी उठल्या उठल्या बघायचं आणि फुगलं की लगेच फ्रीजमध्ये, ओट्यावर दुपारपर्यंत राहिलं तर आंबट होऊन जातं. सोमवारी नाश्त्याला इडली, पीठ ताजं असताना. मंगळवारी डोसा. बुधवारी पीठ थोडं आंबट होतं आणि डोसा चिकटायला लागतो, तेव्हा त्यात मूठभर रवा, बारीक कांदा, किसलेलं गाजर, कोथिंबीर घालून साडेचारला आप्पे. एकच पीठ, पण मुलांच्या लेखी तीन वेगळे पदार्थ, आणि आप्पेपात्रात गाजराबरोबर दुधीही किसून गेला तरी कोणी विचारत नाही. नारळाची चटणी मात्र लागेल तेवढीच वाटायची, या उन्हात ती फार लवकर उतरते, ओळखायचं वासावरून आणि बोटाला लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून.

दुसरी तयारी हिरव्या मुगाची. मंगळवारी सकाळी दोन वाट्या मूग भिजत, रात्री निथळून फडक्यात बांधायचे, बुधवारी दुपारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात इथे एक गडबड होते, फडकं ओलंगच्च राहिलं की मोडांना वास येतो आणि चिकट तार सुटते, तसे झाले तर धुऊन वापरायचा प्रयत्न करू नये, टाकून द्यावेत. निथळून बांधले, मोड आले की फ्रीजमध्ये टाकले तर तीन दिवस सहज टिकतात. मुलांना मोड कच्चे देत नाही मी, पाच-सात मिनिटं वाफवून घ्यायचे, पोटालाही बरं आणि कच्च्या मोडात जंतू वाढलेले असले तर तो धोकाही जातो. बुधवारी रात्री मुगाची उसळ, गुरुवारी साडेचारला वाफवलेल्या मुगाची भेळ, कुरमुरे, काकडी, कैरी, कांदा, थोडी शेव. शुक्रवारी उरलेले मूग आलं-जिऱ्याबरोबर वाटून धिरडी, त्यात चिरलेला पालक किंवा माठ, जो मिळेल तो.

उसळीला धाकटीने तोंड लावलं नाही. वाटी समोर ठेवली की सरकवायची. तेच मूग धिरड्यात गेल्यावर दोन खाल्ली, दह्यात बुडवून. तरी आईला सांगितलं की उसळ तिच्या ताटात चमचाभर वाढत राहा, काही बोलू नका, नवीन चव लहान मुलांच्या अंगवळणी पडायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते आणि आपण तिसऱ्या वेळेलाच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. लपवून खाऊ घालण्यावर सगळं चालवायचं नसतं, धिरड्यातून मूग पोटात जाणं आणि मूग ओळखीचे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शनिवारी भाजणीचं थालीपीठ, दुधी किसून, वर लोणी. आणि आठवड्यातून एक दिवस गॅस न पेटवता होणारं खाणं, ते मुलाकडे दिलं. दडपे पोहे त्याला शिकवले, पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, काकडी, लिंबू, मीठ-साखर, थोडं नारळाचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं दडपून ठेवायचे, फोडणी आजी वरून घालतील, नाही घातली तरी चालतं. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, भेळ, ताक घुसळणं हे सगळं तो करायला लागला. मूल स्वतः करतं म्हणून भाज्या खायला लागतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण आजींचं उभं राहणं कमी झालं हे नक्की, आणि या घरात तोच खरा प्रश्न होता.

पेयांचं काय केलं ते सांगते. सरबत एकदम बंद नाही केलं, उन्हात मुलांना ते हवंच असतं. दुपारच्या जेवणासोबत ताक, जिरेपूड-मीठ घालून. साडेचारला पन्हं किंवा कोकम सरबत, पण अर्धा पेला आणि साखर-गूळ मिळून दीड चमचा. कैरी उकडून गर काढून फ्रीजमध्ये बिनसाखरेचा ठेवायचा आणि पेल्यात गोडी घालायची, मोठी बरणी आधीच गोड करून ठेवली की चमचे कोणी मोजत नाही. दूध तीन मोठ्या ग्लासांवरून दोन छोट्या कपांवर आणलं, सकाळी एक आणि संध्याकाळी खेळून आल्यावर एक, पावडर आठवडाभर कमी करत करत गेली. लोकांना दूध कमी करायला सांगितलं की भीती वाटते, पण दुधात लोह नगण्य असतं आणि पोट मात्र भरतं, ७००-८०० मिली दूध पिणारं सहा वर्षांचं मूल जेवणार कधी? दही-ताक चालूच होतं, कॅल्शियमची काळजी नव्हती.

मधे आठ दिवस मामाची मुलं राहायला आली, घरात पाच पोरं, तेव्हा वेळा बऱ्यापैकी टिकल्या पण पदार्थांचं नियोजन कोसळलं, दोन दिवस नुसते वडापाव आणि आइस्क्रीम. मी म्हटलं चालू दे. पाहुणे असताना एकच गोष्ट धरून ठेवायची, जेवणाच्या आधी दोन तास काही नाही. त्याच आठवड्यात आजींनी शेजारणींबरोबर कुरडया घातल्या आणि सगळ्या पोरांनी गव्हाचा गरम चीक वाट्या भरभरून खाल्ला, दूध-गूळ घालून. कुठल्या तक्त्यात नसलेला हा खाऊ बिस्किटाच्या पुड्यापेक्षा शंभर पटीने बरा.

एक सावधगिरी मात्र सगळ्या घरांना सांगते, उरलेल्या भाताची. सकाळी फोडणीचा भात करायचा म्हणून रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवतात, मे महिन्याच्या रात्री ते धोक्याचं. भातात असे जंतू वाढतात की त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही, मुलांना उलट्या होतात आणि आपण आंब्याला दोष देतो. भात पसरट भांड्यात लवकर निववून तास-दीड तासात फ्रीजमध्ये.

फरक पडला का, हे वजनकाट्यावर बघायचं नाही असं आधीच ठरलं होतं, वाढत्या मुलाला सुट्टीत डाएट लावायचा नसतो. बघायच्या होत्या दोन गोष्टी. रात्री आठला मुलं स्वतःहून ताटावर येतात का, आणि सकाळी पोट साफ होतं का. धाकटीला दोन-तीन दिवसांआड कडक शी व्हायची, दूध-बिस्किटं जास्त आणि पाणी-भाजी-फळ कमी असलं की हे होतंच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती बहुतेक रोज जायला लागली. रात्रीचं दूध बंद झालं कारण आठला जेवण होत होतं. दुपारी ती आजही फार खात नाही, तिचं मोठं जेवण रात्रीचं आहे आणि ते तसंच राहू द्यायचं ठरलं. बद्धकोष्ठ महिनाभरात सुटलं नसतं, वजन उतरलं असतं, चेहरा पांढरट दिसला असता किंवा मूल खडू-माती खाताना सापडलं असतं तर मात्र हे वेळापत्रक सोडून सरळ बालरोगतज्ज्ञाकडे पाठवलं असतं, माती खाण्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता निघते.

न सुटलेलं एक आहे. बाबा रात्रपाळीहून येताना खिशात काहीतरी आणतात, पाकीट, चॉकलेट, कारण आठवड्यातले चार दिवस मुलं त्यांना जागी भेटतच नाहीत. ते आणू नका असं सांगायचं माझ्या जिवावर आलं आणि सांगून उपयोगही झाला नसता. शेवटी ठरलं की आणलेलं पाकीट सकाळी आजींच्या हातात जाईल आणि साडेचारच्या वाटीत भाग पाडून येईल. कधी तसं होतं, कधी सकाळी सातलाच फुटतं. आईने विचारलं, अशा दिवशी काय करायचं. मी म्हटलं, काही नाही, आठला नाश्ता वेळेवर मांडायचा, खाल्ला तर खाल्ला, आणि साडेदहाला नेहमीसारखं कलिंगड कापायचं.